गाडी आली, पण माल उतरेना: कुरखेड्याचा धान, ड्रायव्हरांची टंचाई आणि ट्रकला वेळ ठरवून देण्याची पद्धत

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यात धानाची सरकारी खरेदी झाली की गावोगावी एकच प्रश्न सुरू होतो, ‘उचल कधी?’ इथे आदिवासी विकास महामंडळासाठी आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था धान खरेदी करतात. धान ४० किलोच्या कट्ट्यांत भरला जातो. गोदामात जागा असेल तर आत, नसेल तर उघड्यावर ताडपत्रीखाली त्याच्या थप्प्या लागतात. तिथून ट्रक तो राइस मिलला नेतात. मिलने १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ सरकारी गोदामात जमा करायचा असतो. तोच तांदूळ पुढे रेशन दुकानात येतो.

या प्रवासात माल चार वेळा हाताळला जातो. केंद्रावर धान ट्रकमध्ये चढतो आणि मिलमध्ये उतरतो. मग तांदूळ मिलमध्ये चढतो आणि गोदामात उतरतो. या चारही ठिकाणी ट्रक थांबतो. कुरखेडा ते वडसा (देसाईगंज) हे अंतर सुमारे तीस किलोमीटर, म्हणजे भरलेल्या गाडीला साधारण तासाभराचे. तरीही एका खेपेत अख्खा दिवस जाऊ शकतो, कारण दिवस रस्त्यावर जात नाही, तो गेटबाहेर जातो.

या थांबण्याला वाहतूक धंद्यात ‘हॉल्टिंग’ म्हणतात, करारात ‘डिटेन्शन’ हा शब्द असतो. माल भरायला किंवा उतरवायला जेवढा वेळ ठरला आहे, त्यापलीकडे गाडी अडकून पडली की ते डिटेन्शन. प्रत्यक्ष भरण्या-उतरवण्याचा वेळ यात धरत नाहीत. तो कामाचाच भाग आहे.

ड्रायव्हर खरंच कमी आहेत का?

हो, कमी आहेत. देशात सुमारे २२ लाख कुशल चालकांची कमतरता असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२५ मध्ये सांगितले. नवा माणूस या धंद्यात यायलाही वेळ लागतो. मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहू गाडी चालवायला वयाची वीस वर्षे पूर्ण हवीत आणि त्याचे शिकाऊ लायसन्स मिळण्याआधी हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष हातात असावे लागते. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली गेली. त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांसाठी दार उघडले, पण दार उघडले म्हणून सगळे आत येतात असे नाही.

चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात तर ड्रायव्हरला पर्याय भरपूर आहेत. गडचांदूरकडचे सिमेंट, वेकोलिचा कोळसा, सुरजागडचे लोहखनिज, या सगळ्यांना जड वाहन चालवणारी माणसे हवीत. ड्रायव्हरला बऱ्याचदा पैसे खेपेमागे मिळतात. मग ज्या कामात दिवसाला दोन खेपा होतात ते सोडून तो एका खेपेच्या कामाला का येईल? धानाचा हंगाम चार-सहा महिन्यांचा आणि रांग मात्र रोजची. ‘ड्रायव्हर मिळत नाही’ या तक्रारीतला काही भाग खरे तर ‘आपल्या गेटवर थांबायला ड्रायव्हर तयार नाही’ असा असतो.

आता हा हिशेब आकड्यांत पाहू. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण कामाच्या प्रमाणाला धरून आहेत.

दहा चाकी ट्रकमध्ये ४५० कट्टे, म्हणजे १८ टन धान, असे धरू. गाडी सकाळी सातला वडशाहून रिकामी निघाली आणि आठला केंद्रावर पोहोचली. हमालांनी दोन तासांत ती भरली, दहा वाजले. अकराला गाडी मिलवर परत. तिथे वजन आणि उतराई मिळून दीड तास, साडेबारा वाजले. लगेच दुसरी खेप धरली तर ती सहाला संपते. अकरा तासांत दोन खेपा झाल्या आणि त्यात स्टिअरिंगवर हात फक्त चार तास.

आता दोन्ही टोकांना दोन-दोन तासांची रांग घाला. आठला पोहोचलेली गाडी दहाला भरायला लागते, बारा वाजता निघते, एकला मिलवर येते, तीनला तिचा नंबर लागतो आणि साडेचारला ती मोकळी होते. पुन्हा केंद्रावर जाईपर्यंत साडेपाच, तिथे तोवर हमाल घरी गेलेले. म्हणजे दिवसाला एकच खेप.

समजा, रोज सोळा गाड्या माल हलवायचा आहे. पहिल्या परिस्थितीत आठ ट्रक आणि आठ ड्रायव्हर पुरतात. दुसऱ्या परिस्थितीत सोळा लागतात. मधल्या आठ ड्रायव्हरांची टंचाई रांगेने तयार केली, लोकसंख्येने नाही. यापुढे जाऊन असेही म्हणता येईल की, टंचाई आहे म्हणून लोक गाड्या लवकर पाठवतात, लवकर पाठवल्याने रांग वाढते आणि रांगेमुळे टंचाई आणखी वाढते.

सगळ्या गाड्या दहालाच का येतात?

कारण नियम ‘जो आधी आला त्याचा नंबर आधी’ असा असतो. अशा नियमात उशिरा येणारा हरतो. त्यामुळे गेट उघडायच्या आधीच प्रत्येक जण पोहोचतो, काही जण तर आदल्या रात्री. यात ड्रायव्हरची चूक काहीच नाही. त्याच्या जागी कोणीही असता तरी हेच केले असते. पण सगळ्यांनी हेच केले की लवकर येण्याचा फायदा कोणालाच उरत नाही, फक्त सगळ्यांचे थांबणे वाढते.

तांदूळ उतरवणारे एक गोदाम घेऊ. त्याला दोन धक्के आहेत, म्हणजे ट्रकची मागची बाजू लावून माल उतरवायच्या दोन जागा. प्रत्येक धक्क्यावर हमालांची एक टोळी. एका गाडीला सगळे मिळून दीड तास लागतो. वेळ सकाळी दहा ते सहा, मध्ये एक ते दोन जेवणाची सुट्टी. दिवसात एका धक्क्यावर चार गाड्या उतरतात, दोन्ही मिळून आठ.

आठही गाड्या दहाला हजर झाल्या तर काय होते? पहिल्या दोन लगेच लागतात. पुढच्या दोन साडेअकराला लागतात, त्या दीड तास थांबल्या. एक वाजता जेवण. पाचवी-सहावी गाडी दोनला लागते, चार तास थांबून. सातवी-आठवी साडेतीनला, साडेपाच तास थांबून. सगळ्यांचे थांबणे मिळून २२ तास होतात, म्हणजे एका गाडीमागे सरासरी पावणेतीन तास.

आता त्याच आठ गाड्यांना आदल्या संध्याकाळी वेळ कळवा: दोघींना दहा, दोघींना साडेअकरा, दोघींना दोन, दोघींना साडेतीन. प्रत्येकीने अर्धा तास आधी यायचे. थांबण्याची बेरीज होते चार तास. धक्के तेच, हमाल तेच, दिवसभरात उतरलेला मालही तेवढाच, पण १८ तास मोकळे झाले. साडेतीनची गाडी त्या वेळेत आधी कुठेतरी एक खेप मारून येऊ शकते.

आणि नववी गाडी? पहिल्या पद्धतीत ती दिवसभर उभी राहते आणि संध्याकाळी सहाला तिला ‘उद्या या’ असे कळते. दुसऱ्या पद्धतीत तिला आदल्या दिवशीच ‘आज जागा नाही, उद्या दहा’ असे उत्तर मिळते. नकार तोच, पण ड्रायव्हरचा दिवस आणि रात्र वाचली. वेळ ठरवण्याच्या पद्धतीचा सगळ्यात मोठा उपयोग बहुधा हाच आहे. आपली क्षमता आठ गाड्यांची आहे, हे गोदामाला स्वतःशी आणि इतरांशी कबूल करावे लागते.

पद्धत बसवायची कशी?

सुरुवात घड्याळापासून होते, ॲपपासून नाही. दोन आठवडे प्रत्येक गाडीच्या चार वेळा रजिस्टरमध्ये लिहायच्या: गेटवर आली कधी, धक्क्याला लागली कधी, धक्क्यावरून सुटली कधी, गेटबाहेर पडली कधी. पहिल्या दोन वेळांमधले अंतर म्हणजे रांग. दुसऱ्या-तिसऱ्यामधले म्हणजे खरे काम. तिसऱ्या-चौथ्यामधले म्हणजे कागद, पावती, सह्या. बऱ्याच ठिकाणी हे रजिस्टर भरल्यावर पहिल्यांदा लक्षात येते की, माल उतरल्यावरही गाडी पाऊण तास फक्त पावतीसाठी उभी असते.

मग एका गाडीला किती वेळ द्यायचा ते ठरवायचे. इथे सरासरीवर विसंबले की फसगत होते. सरासरी दीड तास असेल तर निम्म्याच्या आसपास गाड्यांना त्याहून जास्त लागतो. वेळ काटोकाट दीड तास ठेवली तर सकाळचा उशीर पुढच्या प्रत्येक गाडीवर चढत जातो आणि साडेतीनची गाडी पाचला लागते. म्हणून थोडी सैल वेळ धरायची, किंवा दुपारी एक वेळ रिकामी ठेवायची. त्या रिकाम्या वेळेत सकाळचा उशीर जिरतो आणि पंक्चर होऊन मागे राहिलेली गाडीही सामावते. ‘रिकामा धक्का म्हणजे नुकसान’ असे मानणाऱ्या व्यवस्थापकाला ही जागा डोळ्यांत सलते, पण ती काढली की वेळापत्रक दुपारपर्यंत कोलमडते.

उशिरा येणाऱ्यांचे काय करायचे, हेही आधी ठरलेले हवे. ठरलेल्या वेळेपासून अर्ध्या तासापर्यंत गाडी आली तर तिचा हक्क कायम. त्याहून उशीर झाला तर पुढच्या रिकाम्या वेळेत, पण वेळेवर आलेल्या गाडीला मागे सारून नाही. हा शेवटचा भाग सैल पडला की पद्धत मेली समजा. ओळखीच्या माणसाची गाडी मध्येच घुसली ही बातमी ढाब्यावर संध्याकाळपर्यंत पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या पुन्हा पहाटे गेटवर दिसतात.

राहिले तपासणीचे. तांदळाचा नमुना धक्क्यावर काढला आणि नापास झाला तर धक्का अडतो. गाडी परत भरायची की नाही यावर फोन सुरू होतात आणि मागचे सगळे खोळंबतात. नमुना गेटजवळ, गाडी थांबलेली असताना काढला तर नापास गाडी धक्क्यापर्यंत पोहोचतच नाही. ठरलेल्या वेळेआधी अर्धा तास यायला सांगतात ते याचसाठी.

पद्धत फसते कुठे?

याचे सगळ्यात बोलके उदाहरण अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचे आहे. तिथे २००२ मध्ये बंदरांसाठी एक कायदा झाला. कंटेनर घ्यायला आलेला ट्रक इंजिन चालू ठेवून अर्ध्या तासापेक्षा जास्त रांगेत उभा राहिला तर टर्मिनलला २५० डॉलर दंड. दंड टाळायचा तर एक मार्ग होता, ट्रकना आगाऊ वेळ द्यायची सोय करणे. अनेक टर्मिनलनी ही सोय सुरू केली. पण लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना २००७ मध्ये आढळले की, रांगा फारशा कमी झाल्याच नाहीत. बहुतेक ठिकाणी वेळ घेऊन आलेल्या ट्रकला आत गेल्यावर वेगळे प्राधान्यच नव्हते. वेळ घेतलेलाही त्याच रांगेत आणि न घेतलेलाही त्याच रांगेत. मग वेळ घ्यायची कशाला?

थोडक्यात, वेळ देणे म्हणजे वचन देणे. त्या वेळेला धक्का, हमाल, काटा आणि सही करणारा माणूस, चौघेही हजर नसतील तर ती नुसती चिठ्ठी.

कुरखेड्याच्या बाजूला हे वचन पाळणे गोदामापेक्षा अवघड आहे. खरेदी केंद्रावर बहुधा धक्का नसतोच. उघड्यावर थप्पी, शेजारी ट्रक, आणि कट्टे डोक्यावरून चढवायचे. तिथली खरी मर्यादा म्हणजे हमालांची टोळी. एका केंद्रावर एकच टोळी असेल आणि तीच शेतकऱ्यांच्या नव्या धानाचे मोजमापही करत असेल, तर ट्रक आल्यावर मोजमाप थांबते किंवा मोजमाप चालू असेपर्यंत ट्रक थांबतो. दोन्हीकडे कोणीतरी ताटकळतेच. त्यामुळे इथे वेळ ट्रकला नाही, टोळीला लावावी लागते: सकाळी दोन गाड्या भरायच्या, दुपारी मोजमाप. एकाच दिवशी तीन मिलांनी गाड्या पाठवल्या तर हे जमत नाही. तेव्हा कोणत्या केंद्रावर कोणत्या दिवशी कोणाची गाडी, हे मिलच्या बाजूनेच वाटून घ्यावे लागते.

मोबाइलची रेंज हाही प्रश्न आहे. जंगलपट्ट्यातल्या केंद्रावर दुपारी बारा वाजता ‘तुमची वेळ बदलली’ असा मेसेज पोहोचेलच याचा भरवसा नाही. म्हणून वेळा आदल्या संध्याकाळी, ड्रायव्हर गावात किंवा वडशात असतानाच, फोनवर नक्की केलेल्या बऱ्या. साधा फोन आणि फळ्यावर लिहिलेला तक्ता पुरतो.

वेळ घेऊन माल आणायची कल्पना या भागाला अगदीच नवी नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये धान विकायला शेतकरी आधी टोकन घेतात. २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ ॲपवर कापूस विक्रीसाठी आगाऊ वेळ घेणे सुरू केले. साखर कारखाने तर ऊसतोडीचा कार्यक्रम ठरवून गाड्या बोलावतात, तरी गव्हाणीसमोर बैलगाड्या-ट्रॅक्टरची रांग दिसतेच. कारण शेतातून निघालेली गाडी कधी पोहोचेल हे कारखान्याच्या हातात नसते. ट्रक आणि गोदामाच्या बाबतीत अनिश्चितता त्यापेक्षा कमी आहे. वडसा ते कुरखेडा तासाभराचा रस्ता आहे, तीन दिवसांचा नाही.

थांबण्याचे पैसे कोण देतो?

रेल्वेचे मालडबे मालधक्क्यावर लागले की घड्याळ सुरू होते. ठरलेल्या मोफत वेळेत डबे रिकामे झाले नाहीत तर डेमरेज बसते. त्यामुळे रेक लागला की रात्रीसुद्धा हमाल बोलावले जातात. त्याच धक्क्याबाहेर उभ्या असलेल्या ट्रकचे घड्याळ मात्र बहुधा कोणी लावत नाही. करारात हॉल्टिंगची अट असली तरी गाडी कधी आली याचा पुरावा नसतो. बिल्टीवर तारीख असते, वेळ नसते. गाडीमालकाला पुढचे काम हवे असते, म्हणून तो भांडत नाही. थांबणे गोदामाला फुकट पडते आणि जे फुकट पडते ते कमी करायची घाई कोणालाच नसते.

म्हणून वर सांगितलेले चार वेळांचे रजिस्टर इथेही कामाला येते. गेटवर आल्याची वेळ बिल्टीवर लिहून गेटकीपरची सही घेतली तर पहिले दोन तास मोफत, पुढे तासाला इतके, अशी अट प्रत्यक्षात लावता येते. आणि ठरलेल्या वेळेआधी तीन तास येऊन बसलेल्या गाडीला हॉल्टिंग मागता येणार नाही, हेही त्याच कागदावरून ठरते. दोन्ही बाजूंना ते पटते.

थांबण्याची किंमत फक्त पैशांत नसते. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये अंदाज काढला होता की, माल भरण्या-उतरवण्याच्या ठिकाणी ट्रकचा सरासरी मुक्काम १५ मिनिटांनी वाढला तर अपघातांचे अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढते. कारण समजायला अवघड नाही. दिवसभर केबिनमध्ये उकडून निघालेला माणूस संध्याकाळी मोकळा होतो आणि बुडालेली वेळ रस्त्यावर भरून काढायला बघतो. भारतात १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. पण कुरखेड्याच्या रस्त्यावर धावणारे बहुतेक ट्रक त्याआधीचे आहेत आणि रांगेत इंजिन बंदच ठेवावे लागते.

सुधारणा खरी की कागदावरची?

वेळ ठरवून दिल्यावर गेटवरची रांग नाहीशी झाली, पण अर्धा किलोमीटर अलीकडे ढाब्यावर दहा गाड्या उभ्या आहेत, तर काहीच बदललेले नाही. रांग फक्त हलली. अशा ठिकाणी ‘गेटवर आली कधी’ ऐवजी ‘गावात आली कधी’ हे ड्रायव्हरला विचारून लिहावे लागते. वेळेवर आलेल्या गाड्याही थांबत असतील तर दिलेली वेळ अपुरी आहे. धक्का रिकामा आणि गाडी नाही, असे वारंवार होत असेल तर मागच्या टोकाला, म्हणजे केंद्रावर किंवा मिलमध्ये, भरणे वेळेत होत नाही. आणि सकाळची पहिलीच गाडी रोज उशिरा लागत असेल तर दोष ट्रकमध्ये नाही. गोदामाचे कुलूप उशिरा उघडते आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही वेळापत्रकाच्या पलीकडची आहे. गोदामच भरलेले असेल तर तांदूळ उतरणार नाही, मिलमध्ये जागा होणार नाही आणि मिल केंद्रावरचा धान उचलणार नाही. तेव्हा द्यायला वेळच उरत नाही. अशा दिवशी तक्त्यावर आठच्या जागी शून्य लिहून ते आदल्या दिवशी कळवणे एवढेच हातात असते. निदान गाड्या सिमेंटच्या किंवा कोळशाच्या खेपेला तरी जातात. धान मात्र ताडपत्रीखाली तसाच राहतो, उन्हाने सुकून वजनात घटत जातो, आणि जूनचा पहिला पाऊस वेळ ठरवून येत नाही.